फक्त सात दिवसांसाठी कर्ज घ्यायचं आहे, घेऊ का?

*मुलीच्या फीसाठी मला १०,००० रुपये कमी पडताहेत. पगाराला आठ दिवस आहेत. ऑफिसमधल्या मैत्रिणीने एक कर्जाचं ॲप सुचवलं. तिला पाच मिनिटांत पैसे मिळाले होते. मी ते प्ले स्टोअरवरून घेतलं, पॅन, आधारचा फोटो, सेल्फी, बँक खातं सगळं भरलं. कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागितली तीही दिली, कारण त्याशिवाय पुढे जात नव्हतं. आता शेवटच्या पानावर थांबले आहे. मंजूर रक्कम १०,०००, खात्यात जमा ६,५००, मुदत ९१ दिवस, व्याज दिवसाला ०.०५ टक्के. खाली पहिला हप्ता सातव्या दिवशी ९,६०० असं लिहिलंय. 'ऑफर १० मिनिटांत संपेल' असं घड्याळही चालू आहे. ॲपवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का आहे, रेटिंग चांगलं आहे, रक्कमही छोटी आहे. घरी सांगायला संकोच वाटतो. घेऊ का?*
*— एक वाचक*

तुम्ही शेवटच्या पानावर थांबलात आणि तिथले आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेत, हे फार चांगलं केलंत. ते बटण दाबू नका. घड्याळ संपलं तरी तुमचं काही बिघडणार नाही. तसं का म्हणते ते पुढे सांगते.

आधी आकडे पाहू. दिवसाला ०.०५ टक्के म्हणजे वर्षाला सव्वाअठरा टक्के, आणि हा दर कुणालाही वाजवीच वाटेल. पण तो दर ज्या १०,००० वर लावलाय, ते तुमच्या हातात येतच नाहीत. हातात येतात ६,५००. सात दिवसांनी तुम्ही द्यायचे ९,६००. म्हणजे ६,५०० रुपये सात दिवस वापरल्याबद्दल ३,१०० रुपये जास्तीचे. आठवड्याला जवळजवळ ४८ टक्के. वर्षाच्या हिशेबाने हा दर साधारण २,५०० टक्क्यांच्या घरात जातो, आणि मुद्दलातले उरलेले ४०० आणि व्याज मिळून साधारण साडेचारशे रुपये ९१व्या दिवशी द्यायचेत ते मी यात धरलेलेच नाहीत. व्याजाच्या ओळीत जे दाखवलंय ते खोटं नाही. खरी कमाई व्याजाच्या ओळीत नाहीच, ती आधीच कापून घेतलेल्या ३,५०० रुपयांमध्ये आहे. त्याला प्रोसेसिंग फी म्हणतील, सेवा शुल्क म्हणतील, क्रेडिट तपासणीचा खर्च म्हणतील, वर जीएसटीही दाखवतील.

म्हणून असा कोणताही प्रस्ताव समोर आला की व्याजदर बाजूला ठेवा आणि तीन आकडे कागदावर लिहा: खात्यात नक्की किती येणार, एकूण किती परत जाणार, आणि पहिला मोठा हप्ता कितव्या दिवशी. मग दुसऱ्यातून पहिला वजा करा. एवढ्यानेच बहुतेक फसवी कर्जं उघडी पडतात.

आता ती ९१ दिवसांची मुदत. परतफेड सातव्या दिवशी घ्यायची, तर ९१ दिवस लिहायचे कशाला? त्यामागे कारण आहे. ६० दिवसांत किंवा त्याआधी पूर्ण परतफेड मागणारी वैयक्तिक कर्जं देणारी ॲप्स गूगल आपल्या प्ले स्टोअरवर ठेवू देत नाही. मग फसवी ॲप्स माहितीच्या पानावर '९१ ते १८० दिवस' असं लिहितात आणि हप्त्यांचा तक्ता असा आखतात की जवळपास सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल होतील. शेवटी नावापुरते चारपाचशे रुपये ९१व्या दिवसाला ठेवतात. तुमच्या तक्त्यात नेमकं हेच आहे. हप्ते समान नसतील आणि पहिलाच हप्ता जवळजवळ पूर्ण कर्जाएवढा असेल, तर मुदतीचा आकडा केवळ दाखवण्यापुरता आहे असं समजा.

यावरून तुमच्या एका समजाकडे येते. ॲप प्ले स्टोअरवर आहे आणि रेटिंग चांगलं आहे, म्हणजे कुणीतरी ते तपासलं असणार, असं तुम्हाला वाटतंय. स्टोअरवर नियम आहेत, पण वर पाहिलंत तसे ते चुकवले जातात. ॲप काढून टाकलं तर तेच लोक दुसऱ्या नावाने परत येतात. रेटिंगचे तारे पाहण्यापेक्षा एक-दोन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. 'सात दिवसांत मागतात', 'नातेवाइकांना फोन केले', 'न मागता पैसे टाकले' यांपैकी एक वाक्य वारंवार दिसलं तरी पुरे. मैत्रिणीला पाच मिनिटांत पैसे मिळाले हे खरं असेल. तिने परत किती दिले, तेही विचारा.

'रक्कम छोटी आहे' हा तुमचा दुसरा आधार. तुमची गरज १०,००० ची, हातात ६,५००. म्हणजे फी भरायला अजून साडेतीन हजार लागणारच. ते तुम्ही कुठून आणाल? बहुतेक जण इथे दुसरं ॲप उघडतात. आणि सातव्या दिवशी ९,६०० द्यायचे आहेत, तर पगार आठव्या दिवशी. एक दिवसाची ही चूक तुमच्या ध्यानात आली नसेल, पण ॲपचा पुढचा धंदा तिच्यावरच चालतो. सहाव्या दिवशी 'मर्यादा वाढली' असा मेसेज येतो. तितकीच कपात धरली, तर ९,६०० हातात यायला सुमारे १४,८०० चं कर्ज घ्यावं लागेल. त्याच्या पुढच्या आठवड्यात ते फेडायला जवळपास २२,८०० चं. साडेसहा हजारांपलीकडे एक रुपयाही तुमच्या कामी आलेला नसताना दोन आठवड्यांत कर्ज इथवर येतं.

आता खऱ्या कर्जात काय दिसायला हवं ते सांगते, म्हणजे तुलना करता येईल. बँका आणि एनबीएफसी, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या वित्तसंस्था, यांना करार होण्याआधी कर्जदाराला केएफएस द्यावंच लागतं. पूर्ण नाव की फॅक्ट्स स्टेटमेंट. हे एक ठरावीक नमुन्यातलं पत्रक असतं. त्यात हप्त्यांचा तक्ता, प्रत्येक शुल्क, उशीर झाल्यास लागणारा दंड आणि एपीआर हे सगळं असतं. एपीआर म्हणजे व्याज आणि सगळी शुल्कं मिळून येणारा वर्षाचा खरा दर. पत्रकात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. पत्रक तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं, त्यामुळे मराठीत मागायला संकोच करू नका. आणि घड्याळाबद्दल मी म्हटलं ते यासाठी: सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी या पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. त्या काळात तुम्ही विचार करायचा, घरी दाखवायचं, दुसरीकडे चौकशी करायची. दहा मिनिटांचं घड्याळ लावणारा तुम्हाला नेमकं तेच करू देत नाही.

प्रामाणिक कर्जातही शुल्कामुळे दर कसा चढतो, हे पाहण्यासारखं आहे. समजा १०,००० रुपये, सहा महिने, व्याज वर्षाला २४ टक्के, प्रोसेसिंग फी दोन टक्के आणि त्यावर जीएसटी. फी आणि कर मिळून २३६ रुपये आधी कापले जातील, हातात ९,७६४ येतील. हप्ता सुमारे १,७८५ रुपये, सहाही हप्ते सारखे. एकूण परत जातील साधारण १०,७१२. दर २४ टक्के वाटला तरी एपीआर साडेबत्तीसच्या आसपास निघतो, कारण कमी मुदतीच्या कर्जावर फीचा भार मोठा पडतो. हेही स्वस्त नाही, गरज असेल तरच घ्यावं. पण इथे ९,७६४ वापरण्याचे सहा महिन्यांचे साडेनऊशे रुपये आहेत, आणि तिथे ६,५०० वापरण्याचे आठवड्याचे ३,१००. केएफएस नसेल, त्यात एपीआर नसेल, किंवा 'आधी स्वीकारा, मग दिसेल' असं असेल, तर तिथून मागे फिरा.

मग तो शिक्का. रिझर्व्ह बँक कोणत्याही कर्जाच्या ॲपला मान्यतेचा शिक्का देत नाही. ती नोंदणी करते संस्थेची. ॲप हे बहुतेक वेळा मधला दुवा असतं, पैसे कुणा बँकेचे किंवा एनबीएफसीचे असतात. म्हणून पहिला प्रश्न 'हे ॲप चांगलं आहे का' हा नसावा, 'पैसे कोण देतंय' हा असावा. ॲपवर त्या संस्थेचं पूर्ण नाव नसेल तर विषय तिथेच संपला. नाव असेल तरी लगेच विश्वास ठेवू नका, कारण खऱ्या एनबीएफसीचं नाव न विचारता वापरणारी ॲप्सही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत एनबीएफसींची यादी आहे, तिथे ते नाव अक्षर न अक्षर जुळतंय का पाहा. मग त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा, पण ॲपमधल्या लिंकवरून जाऊ नका. संस्थेने आपल्या वतीने काम करणाऱ्या ॲप्सची नावं तिथे जाहीर करायची असतात. तुमचं ॲप त्या यादीत नसेल तर संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला फोन करून विचारा. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनेही अशा ॲप्सची यादी प्रसिद्ध केली आहे. मात्र त्यातली माहिती संस्थांनीच कळवलेली असते. त्यात ॲपचं नाव असणं म्हणजे ते ॲप नोंदणीकृत संस्थेशी जोडलेलं आहे एवढंच. कर्ज परवडणारं आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आणखी एक खूण पैशांच्या वाटेत असते. नियमाप्रमाणे कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवं आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जायला हवा, मध्ये ॲपवाल्याचं खातं येता कामा नये. हप्ता भरायला दर वेळी नवा यूपीआय आयडी येत असेल, तो कुणा व्यक्तीच्या नावाचा असेल, तर ते पैसे कर्जखात्यात जमा झाल्याचं पुढे कुणीच मान्य करणार नाही. असं लुबाडलेले लोक एकच हप्ता दोनतीनदा भरत राहतात.

कॉन्टॅक्ट्सच्या परवानगीवर थोडं थांबायला हवं, कारण तुमच्यासाठी आत्ता तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. कर्ज फेडायची ऐपत आहे की नाही हे पगाराच्या नोंदी, बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट अहवालातून कळतं. त्यासाठी तुमच्या मावशीचा नंबर लागत नाही. तो लागतो वसुलीसाठी. हप्ता एक दिवस चुकला, कधी कधी चुकायच्याही आधी, की या यादीतल्या लोकांना फोन आणि मेसेज सुरू होतात. फोटोंची परवानगी दिली असेल तर चेहऱ्याचे फोटो विकृत करून पाठवण्याच्या धमक्या येतात. सेल्फी तर त्यांच्याकडे असतेच. रिझर्व्ह बँकेच्या नियमात हे स्पष्ट आहे: कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, फोटो, कॉन्टॅक्ट्स, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी ओळख पटवण्यापुरती, एकदाच आणि संमतीने घेता येते. म्हणजे 'कॉन्टॅक्ट्सशिवाय पुढे जाता येणार नाही' असं म्हणताक्षणी त्या ॲपने स्वतःबद्दल सगळं सांगून टाकलं. पुढच्या वेळी बाकी काही तपासायला वेळ नसला तरी एवढी एक गोष्ट तपासा.

तुम्ही ती परवानगी दिली आहे, तेव्हा आज संध्याकाळपर्यंत काही गोष्टी करून घ्या. ॲप लगेच काढून टाकू नका. आधी शेवटच्या पानाचे, अटींचे, ॲपच्या आणि संस्थेच्या नावाचे स्क्रीनशॉट काढा. पुढे तक्रारीची वेळ आली तर हाच पुरावा असेल. मग फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्सच्या यादीत जाऊन त्याच्या सगळ्या परवानग्या बंद करा. ॲपमध्ये दिलेल्या ईमेलवर लिहा की मी कर्ज स्वीकारलेलं नाही, माझी संमती मागे घेते, माझा सगळा डेटा पुसून टाका. संमती मागे घेण्याचा आणि डेटा पुसायला सांगण्याचा हक्क नियमांनी तुम्हाला दिला आहे. फसवं ॲप उत्तर देणार नाही, पण तुम्ही लेखी नकार दिल्याची तारीख नोंदली जाते. त्यानंतर ॲप काढा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत काही नवीन दिसतंय का पाहा, असेल तर रद्द करा. बँकेतही नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, नोंदलंय का विचारून घ्या, कारण ती अर्ज भरता भरताच घेतलेली असू शकते.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. परवानगी बंद केल्याने पुढचं वाचन थांबतं. जे नंबर आधीच त्यांच्या सर्व्हरवर गेले असतील, ते परत येत नाहीत. म्हणून जवळच्या लोकांना दोन ओळी कळवून ठेवा: 'माझी माहिती एका कर्जाच्या ॲपकडे गेली आहे. माझ्या नावाने कुणी पैसे मागितले किंवा काही फोटो पाठवले तर उत्तर देऊ नका, मला स्क्रीनशॉट पाठवा.' पॅन आणि आधार त्यांच्याकडे गेल्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालही पाहा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. त्यात अनोळखी कर्ज दिसलं तर लगेच हरकत नोंदवा.

बटण न दाबताही खात्यात पैसे आले तर? असं होतं. त्या पैशांना हात लावू नका, फीसाठीही वापरू नका. 'मी हे कर्ज मागितलेलं नाही' असं त्याच दिवशी ॲपला आणि तुमच्या बँकेला लेखी कळवा, आणि मेसेजमधून आलेल्या कुठल्याही लिंकवर किंवा क्यूआर कोडवर ते परत पाठवू नका. धमकी आली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार करा, जवळच्या पोलीस ठाण्यातही द्या. धमकावून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, मग कर्ज खरं असो वा खोटं. नोंदणी नसलेल्या संस्थेची माहिती sachet.rbi.org.in वर देता येते. संस्था नोंदणीकृत असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही. 'तुमचा सिबिल बिघडवू' या धमकीला नोंदणी नसलेल्या ॲपच्या तोंडी अर्थ नाही, क्रेडिट कंपन्यांकडे नोंद पाठवायचा अधिकारच त्यांना नसतो.

ज्यांनी हे बटण आधीच दाबलंय अशा वाचकांसाठीही एक सांगते. कर्ज नोंदणीकृत संस्थेचं असेल तर घेतल्यावर किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. तेवढ्यात मूळ रक्कम आणि त्या दिवसांपुरता आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. केएफएसमध्ये आधीच लिहिलं असेल तर प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवू शकतात. मुदत किती दिवसांची आहे ते तुमच्या कागदात पाहा. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. आणि काहीही झालं तरी एका ॲपचं कर्ज फेडायला दुसरं ॲप उघडू नका.

राहिली फी. तुम्हाला पैसे नाहीत असं नाही, ते आठ दिवस उशिरा येणार आहेत. मग कर्जाऐवजी आठ दिवस मागून पाहा. शाळेच्या कार्यालयात आजच लेखी अर्ज द्या: जमेल तेवढी रक्कम आत्ता, उरलेली पगाराच्या दुसऱ्या दिवशी, तारीख घालून. तिथे जमलं नाही तर ऑफिसात पगारातून उचल मिळते का विचारा, कर्मचाऱ्यांची पतसंस्था असेल तर तिथे विचारा. घरात सोनं असेल तर बँकेत सोनेतारणाचा दर या ॲपच्या जवळपासही नसतो.

घरी सांगण्याचा संकोच मी समजू शकते. दहा हजार कमी पडले हे सांगताना कमीपणा वाटतो, आणि तो वाटतो म्हणूनच मोबाइलवर गुपचूप मिळणारे पैसे सोपे वाटतात. पण या ॲपची वसुली कुणाच्या जोरावर चालते ते पाहिलंत ना? तुमच्या फोनमधल्या त्याच माणसांच्या. त्यांना जे कळू नये असं तुम्हाला वाटतंय, ते कळवण्याची धमकी हेच त्यांचं हत्यार आहे. घरच्यांना आज तुम्हीच सांगितलंत, तर त्या धमकीत फारसा दम उरत नाही. शिवाय दहा हजारांचा प्रश्न कदाचित घरातच सुटेल. हे पत्र तुम्ही मला लिहिलंत, तेच आकडे एका कागदावर लिहून रात्री समोर ठेवा. मैत्रिणीलाही दाखवा, तिचा सातवा दिवस कदाचित अजून यायचा असेल.